एकच चढा दर, तीन वेगळ्या बचती: एका छोट्या कंपनी-खरेदीचा हिशोब

बेअरिंग, पट्टे, ऑइल सील असे औद्योगिक सुटे भाग विकणाऱ्या दोन वितरक कंपन्या. मोठीने छोटीला विकत घ्यायचे ठरवले. व्यवहार इतका लहान होता की त्यासाठी बँकर्सची फौज बसवणे परवडले नसते. मूल्यांकन मोठ्या कंपनीच्या वित्तप्रमुख बाई आणि त्यांच्या हाताखालचा एक विश्लेषक यांनीच केले. कंपन्यांची नावे इथे महत्त्वाची नाहीत. आकडे समजायला सोपे जावेत असे बेतले आहेत आणि सगळे लाखांत आहेत. आजची मूल्ये जवळच्या लाखात मांडली आहेत, म्हणून बेरजेत एखाद्या लाखाचा फरक दिसेल. प्रश्न मात्र अशा प्रत्येक व्यवहारात येतो: दोन कंपन्या एक झाल्यावर वाचणाऱ्या खर्चाची आज किंमत किती धरायची, आणि त्यासाठी नेहमीपेक्षा चढा डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या वर्षांतले पैसे आजच्या किमतीत आणायचा दर, लावणे कितपत बरोबर?

छोटी कंपनी स्वतःच्या पायावर जशी उभी होती, तशी तिची किंमत काढणे अवघड नव्हते. कर आणि आवश्यक भांडवली खर्च वजा करून पुढच्या वर्षी १२० लाख हातात उरतील असा अंदाज होता. त्यापुढे दरवर्षी ३ टक्के वाढ धरली, आणि दर १३ टक्के. पुढच्या वर्षीची रक्कम भागिले दर वजा वाढ, म्हणजे १२० भागिले ०.१०, म्हणजे १,२०० लाख. या आकड्यावर दोन्ही बाजूंचे फारसे दुमत नव्हते. सगळी ओढाताण पुढे होती.

विक्रेत्याच्या सल्लागाराने एक टिपण दिले होते. त्यात वर्षाला ६६ लाखांची खर्चबचत दाखवली होती. वित्तप्रमुखांनी ते टिपण आणि विक्रेत्याने दुरुस्त करून दिलेला नफा शेजारी ठेवून वाचला, तेव्हा त्यातले ६ लाख गळाले. मालकाचे एक नातेवाईक कार्यालयात पगारावर होते. नफा 'दुरुस्त' करताना त्यांचा पगार आधीच परत मिळवला होता, म्हणजे तो १,२०० च्या आकड्यात मोजला गेला होता. तोच पगार बचतीच्या यादीत पुन्हा आला होता. मालकाच्या हाताखाली चालणाऱ्या छोट्या कंपन्यांत ही चूक इतक्या वेळा सापडते की दराचा विचार करण्याआधी ही दोन कागदपत्रे ओळीने ताडून पाहिलीच पाहिजेत. दर कितीही चढा लावला, तरी दोनदा मोजलेला पगार त्याने नाहीसा होत नाही.

उरले ६० लाख. त्यांच्या तीन ओळी होत्या. छोट्या कंपनीचे गोडाऊन बंद करून तिचा माल मोठ्या कंपनीच्या गोडाऊनमध्ये हलवायचा: भाडे, वीज, राखण मिळून २० लाख. कार्यालयातली तीन पदे, एक अकाउंटिंग सॉफ्टवेअर आणि एक ऑडिट कमी करायचे: १६ लाख. दोघींची खरेदी एकत्र करून पुरवठादाराच्या वार्षिक खरेदीच्या वरच्या टप्प्यात जायचे आणि जास्त सूट मिळवायची: २४ लाख. कर २५ टक्के धरला तर ६० चे ४५ उरतात, आणि ओळीने पाहिले तर १५, १२ आणि १८.

विक्रेत्याच्या सल्लागाराचे गणित एका ओळीचे होते: ४५ भागिले ०.१०, म्हणजे ४५० लाख. त्यामुळे कंपनीची किंमत १,६५०. या गणितात बचत पहिल्या वर्षापासून पूर्ण मिळते, ती मिळवण्यासाठी काहीच खर्च होत नाही, ती दरवर्षी ३ टक्के वाढते आणि मुख्य धंद्याइतकीच खात्रीची असते.

चढ्या दराचा नियम

वित्तप्रमुखांच्या कंपनीत एक अलिखित नियम होता: सिनर्जीला, म्हणजे दोन कंपन्या एक झाल्यामुळे होणाऱ्या बचतीला, मूळ दरापेक्षा ५ टक्के जास्त. म्हणजे इथे १८ टक्के. हा ५ कुठून आला, याला सिद्धांताचा आधार नव्हता. एका जुन्या व्यवहारात बचत कागदावर राहिली होती, तेव्हापासून तो चालत आला होता.

विश्लेषकाने आधी बचत कधी किती मिळेल ते मांडले. पहिल्या वर्षी ९ लाख, दुसऱ्या वर्षी २७, तिसऱ्यापासून पूर्ण ४५, आणि त्यानंतर ३ टक्के वाढ. १३ टक्क्यांनी या प्रवाहाचे आजचे मूल्य ३८२ लाख येते. म्हणजे बचत उशिरा सुरू होते एवढे कबूल केले तरी ४५० मधले जवळजवळ ७० गेले. १८ टक्क्यांनी तेच मूल्य २४२ लाख. निव्वळ दर बदलल्यामुळे एक तृतीयांशाहून जास्त मूल्य गेले. वाढही शून्य धरली तर १८ टक्क्यांनी २०७.

इथे थांबून विचार करण्याजोगी गोष्ट आहे, कारण बरेच जण २४२ हा आकडा घेऊन पुढे निघतात. गोडाऊनचे वाचलेले भाडे घ्या. मंदी येवो की तेजी, भाडे तेवढेच असते. म्हणून त्याची बचतही बाजाराबरोबर हेलकावत नाही. ती कर्जाच्या ठरलेल्या हप्त्यासारखी वागते. डिस्काउंट रेटमध्ये जी जोखीम मोजायची असते, ती बाजाराबरोबर हलणारी, गुंतवणूकदाराला विविधता आणून टाळता न येणारी जोखीम. त्या न्यायाने ठरलेल्या भाड्याच्या बचतीला मुख्य धंद्यापेक्षा कमी दर लागायला हवा, जास्त नव्हे. मग व्यवहारात लोक चढा दर का लावतात? कारण त्यांच्या समोरचा ४५ हा आकडा सरासरी अपेक्षा नसतो. सगळे नीट झाले तर काय मिळेल, तो आकडा असतो. गोडाऊन वेळेवर बंद झाले तर, माणसांना कमी करता आले तर, पुरवठादाराने ऐकले तर. दर चढवून आपण त्या आशावादी आकड्याला खाली ओढत असतो. बचत कितपत हाती येईल ही शंका दराच्या पोटात घातली जाते.

हे करायला हरकत नाही, पण आपण नेमके काय करतो आहोत ते दिसले पाहिजे. १३ ऐवजी १८ टक्के लावले, तर n व्या वर्षाच्या रकमेचा किती भाग आपण खरा मानतो, हे एका सूत्रात कळते:

```
=(1.13/1.18)^n
```

पहिल्या वर्षी १०० पैकी ९६. पाचव्या वर्षी ८१. दहाव्या वर्षी ६५. विसाव्या वर्षी ४२. म्हणजे हा दर असे सांगतो की पहिल्या वर्षाची बचत जवळजवळ पक्की आहे, आणि जसजशी वर्षे जातील तसतशी ती निसटत जाईल. प्रत्यक्षात चित्र याच्या उलट असते. विलीनीकरणाची सगळी धाकधूक पहिल्या दोन वर्षांत असते. गोडाऊन बंद होते की नाही, सॉफ्टवेअर जुळते की नाही, माणसे राहतात की जातात, हे सगळे तेव्हाच ठरते. एकदा गोडाऊनची किल्ली घरमालकाला परत दिली की दहाव्या वर्षी ते भाडे परत येत नाही. चढा दर जिथे शंका घ्यायला हवी तिथे कमी घेतो, आणि जिथे नको तिथे वर्षागणिक वाढवत नेतो.

ओळीने हिशोब

वित्तप्रमुखांनी विश्लेषकाला दुसरा हिशोब करायला सांगितला. दर सगळीकडे १३ टक्केच ठेवायचा, आणि शंका प्रत्येक ओळीच्या रकमेतच घालायची. त्यासाठी त्या स्वतः तीन माणसांशी बोलल्या. या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते लागायलाच हवा होता.

गोडाऊनची ओळ सगळ्यात भक्कम निघाली. छोट्या कंपनीचा भाडेकरार दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर संपत होता. तारीख लेखी होती, नूतनीकरण भाडेकरूच्या मर्जीवर होते. मोठ्या कंपनीच्या गोडाऊनमध्ये किती रॅक रिकामे आहेत ते विश्लेषकाने जाऊन मोजले. एकच भीती होती: हंगामात माल वाढला तर थोडी जागा बाहेर भाड्याने घ्यावी लागेल. म्हणून १५ लाखांपैकी ९० टक्के धरले. वाढ ३ टक्के ठेवली, कारण जे भाडे द्यावे लागले नाही तेही दरवर्षी वाढलेच असते. पहिल्या वर्षी काही नाही, दुसऱ्या वर्षी अर्धे, तिसऱ्यापासून पूर्ण. आजचे मूल्य १११ लाख.

कार्यालयाच्या ओळीत एक अडचण सापडली. ज्या तीन पदांवर काट मारली होती, त्यातल्या एका पदावरच्या बाई गेली अनेक वर्षे उधारी वसूल करत होत्या. कोणता ग्राहक महिन्याच्या कोणत्या तारखेला पैसे देतो, कोणाला फोन केला तर चालतो आणि कोणाकडे स्वतः जावे लागते, हे त्यांच्या डोक्यात होते. कोणत्याही नोंदवहीत नव्हते. त्यांना काढले तर पगार वाचेल, पण उधारी लांबली तर भांडवल अडकेल. त्या राहतील असे धरून अपेक्षा ७५ टक्क्यांवर आणली. आजचे मूल्य ८० लाख.

खरेदीच्या ओळीवर खरेदीप्रमुखांशी झालेले बोलणे थोडक्यात असे होते.

'मॅडम, सुटीचा तक्ता पुरवठादाराने छापलेला आहे. वरचा टप्पा गाठला की सूट मिळते.'

'दोन कंपन्यांची खरेदी ते एकत्र धरतात, असं त्या तक्त्यात कुठे लिहिलंय?'

लिहिलेले नव्हते. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती विक्री विभागाने सांगितली. सूट वाढली की आपले विक्री प्रतिनिधी ती ग्राहकांना देऊन टाकतात, कारण समोरचा वितरकही भाव खाली आणतो. म्हणजे सूट मिळाली तरी ती आपल्याकडे टिकत नाही. म्हणून १८ लाखांपैकी निम्मेच धरले, आणि वाढ धरण्याऐवजी दरवर्षी ७ टक्के झीज धरली. मग तिसऱ्या वर्षापासूनच्या प्रवाहासाठी भाजक ०.१३ अधिक ०.०७, म्हणजे ०.२०. आजचे मूल्य ४१ लाख.

तिन्हींची बेरीज २३१ लाख. वर १८ टक्क्यांनी २४२ आले होते. दोन आकडे इतके जवळ आले की विश्लेषकाला वाटले, मग एवढी उठाठेव कशाला? ही बेरीज देणारा एकच दर काढला तर तो साधारण १८.६ टक्के येतो. अलिखित नियम जवळजवळ बरोबरच निघाला होता.

पण ओळी शेजारी ठेवल्यावर चित्र वेगळे दिसते:

| ओळ | १८ टक्के दराने | ओळीने हिशोबात | हाच आकडा देणारा दर |
|---|---|---|---|
| गोडाऊन | ७७ | १११ | सुमारे १४ टक्के |
| कार्यालय | ६९ | ८० | सुमारे १६ टक्के |
| खरेदीची सूट | ९७ | ४१ | सुमारे ३४ टक्के |

शेवटच्या रकान्यात प्रश्न असा विचारला आहे: ओळीची पूर्ण रक्कम आणि ३ टक्के वाढ तशीच ठेवली, तर कोणता दर लावल्यावर 'ओळीने हिशोबात' या रकान्याचा आकडा येईल? सगळ्यात पोकळ ओळीला १८ टक्क्यांच्या हिशोबात सगळ्यात जास्त किंमत मिळाली होती, केवळ तिची कागदावरची रक्कम मोठी होती म्हणून. सगळ्यात भक्कम ओळीची जवळजवळ एक तृतीयांश किंमत विनाकारण गेली होती. दोन चुका उलट दिशेच्या होत्या, म्हणून बेरीज जमली. यादीत खरेदीचा वाटा जास्त असता तर १८ टक्क्यांनी किंमत फुगली असती. गोडाऊनचा जास्त असता तर आकसली असती. एक सरसकट चढा दर त्या विशिष्ट मिश्रणापुरता बरोबर असतो, आणि वाटाघाटीत मिश्रण रोज बदलते. उद्या पुरवठादाराने नाही म्हटले तर पहिल्या हिशोबात ९७ लाख जातात, दुसऱ्यात ४१. खरे नुकसान ४१ चेच आहे, कारण उरलेले तुमच्याकडे कधी नव्हतेच.

आणि ३४ टक्के हा दर पाहा. अशा दराचे समर्थन कोणत्याही बैठकीत करता येणार नाही. पण 'निम्मी सूट मिळेल आणि ती हळूहळू झिजेल' हे वाक्य कोणालाही समजते, त्यावर वाद घालता येतो, आणि नवी माहिती आली की ते बदलता येते. शंका दराच्या भाषेत मांडली की तिच्यावर बोलणेच बंद होते, असा माझा अनुभव आहे.

एकाच शंकेची तीनदा वजाबाकी

या व्यवहारात एक चूक थोडक्यात टळली. विश्लेषकाने ओळीने अपेक्षा घातल्या, पण सवयीने दर १८ टक्केच ठेवला आणि 'सावध राहावे' म्हणून वाढही शून्य केली. तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर बचतीचे मूल्य १४४ लाख आले. प्रत्येक बदल एकेकटा समंजस वाटतो. पण गोडाऊनसाठी ९० टक्के धरताना जी शंका मोजली, तीच १८ टक्क्यांत पुन्हा मोजली, आणि शून्य वाढीत तिसऱ्यांदा. नाममात्र, म्हणजे महागाई आत धरलेला, दर वापरून वाढ शून्य ठेवणे म्हणजे वाचलेले भाडे दरवर्षी महागाईइतके आकसते असे म्हणणे आहे. भाड्याच्या बाबतीत ते खरे नाही.

ही चूक पकडायचा एक साधा मार्ग आहे. प्रत्येक ओळीसाठी विचारायचे: 'पूर्ण रक्कम, १३ टक्के दर, ३ टक्के वाढ' यापासून आपण किती टक्के खाली आलो, आणि त्यातला प्रत्येक टक्का कोणत्या नावाच्या भीतीसाठी आहे? १४४ च्या हिशोबात गोडाऊनच्या ओळीचे मूल्य मूळच्या जवळपास निम्मे उरत होते, आणि भीती एकच होती: हंगामात थोडी जास्त जागा लागेल. एवढ्या छोट्या भीतीपोटी निम्मे मूल्य गेले, म्हणजे कुठेतरी दोनदा वजाबाकी झाली, हे उघड होते.

याला जोडून एक गोष्ट. छोट्या कंपनीला तिच्या लहानपणासाठी जास्त दर लावतात, आणि इथल्या १३ टक्क्यांत तो भाग आधीच होता. सिनर्जीला वर ५ टक्के देताना 'छोटी कंपनी आहे, जोखीम जास्त' हे कारण पुढे आले, तर तीही दुसरी वजाबाकीच.

खर्चाला चढा दर नको

बचत मिळवायला एकदाच येणारा खर्च होता: माल हलवणे, माणसांना द्यायची भरपाई, दोन सॉफ्टवेअरमधली माहिती जुळवणे. मिळून ५० लाख, त्यातले ४० पहिल्या वर्षी आणि १० दुसऱ्या वर्षी. करानंतर ३७.५. अनेक तक्त्यांत हा खर्च बचतीतून वजा करून उरलेल्या आकड्याला १८ टक्के लावतात. मग चढ्या दराने खर्चही लहान दिसतो, आणि सावधगिरीसाठी घेतलेले साधन खर्चाच्या बाबतीत उलटे काम करते.

या व्यवहारात फरक मोठा नव्हता. १८ टक्क्यांनी खर्चाचे आजचे मूल्य ३१ लाख, आणि कंपनीच्या कर्जाच्या ९ टक्के दराने ३४. खर्च पहिल्या दोन वर्षांतलाच असल्यामुळे अंतर ३ लाखांवर राहिले. पण दिशा चुकीची होती, आणि खर्च चौथ्या-पाचव्या वर्षात पसरला असता तर अंतर वाढले असते. त्याहून मोठी चूक म्हणजे बचतीची टक्केवारी खर्चालाही लावणे. पुरवठादाराने सूट दिली नाही तरी माल हलवायचे पैसे जातातच. बचत शंकास्पद, खर्च निश्चित. म्हणून वित्तप्रमुखांनी खर्च वेगळ्या ओळीत ठेवला, पूर्ण १०० टक्के धरला आणि ९ टक्क्यांनी मोजला.

२३१ वजा ३४, म्हणजे निव्वळ १९७. छोट्या कंपनीसाठी देता येईल अशी कमाल किंमत १,३९७. याच्या वर एक लाखही दिला, तर तो खरेदीदाराच्या खिशातून गेला असता.

वाटाघाट

कमाल किंमत ही देऊ करायची किंमत नव्हे. बचत घडवून आणण्याचे काम खरेदीदार करणार, माणसांशी कटू बोलणे तो करणार, आणि फसले तर भुर्दंड त्याचा. म्हणून बचतीचा फार तर एक तृतीयांश विक्रेत्याला द्यायचा असे ठरले: साधारण ६५ लाख. पहिला प्रस्ताव १,२६५ चा गेला.

विक्रेत्याच्या हातात दुसऱ्या कोणाचा १,२६० चा प्रस्ताव होता, हे नंतर कळले. तिहेरी वजाबाकीच्या हिशोबाने, खर्चालाही १८ टक्केच लावून, निव्वळ बचत ११३ वर आली असती, तिचा एक तृतीयांश ३८, आणि पहिला प्रस्ताव १,२३८ चा गेला असता. तेव्हा बोलणी कदाचित सुरूच झाली नसती. सावधपणाचीही किंमत असते, ती फक्त तक्त्यात दिसत नाही.

विक्रेता १,५०० वर अडून होता आणि त्याचा सगळा भर पुरवठादाराच्या सुटीवर होता. त्याचे आणि पुरवठादाराचे जुने संबंध होते, सूट नक्की मिळेल असे तो सांगत होता. ओळीने केलेला हिशोब इथे उपयोगी पडला. वित्तप्रमुखांनी त्याला खोटे ठरवले नाही. त्यांनी वेगळी अट मांडली: १,२७० लगेच, आणि बारा महिन्यांत पुरवठादाराने एकत्रित खरेदीवर वर्षाला २४ लाखांची सूट लेखी दिली, तर आणखी ३०. सूट १२ लाखांपेक्षा जास्त पण २४ पेक्षा कमी मिळाली तर त्या प्रमाणात, आणि १२ किंवा त्याहून कमी मिळाली तर काहीच नाही. सूट पूर्ण मिळाली तर त्या ओळीचे मूल्य ४१ चे दुप्पट, म्हणजे ८२ होत होते, त्यातले ३० देणे परवडत होते. न मिळाली तर एक पैसाही जात नव्हता. जी शंका दराने मोजता येत नव्हती, ती करारात विक्रेत्याच्या गळ्यात बांधली गेली.

अशी अट प्रत्येक ओळीला लावता येत नाही. गोडाऊन बंद करणे पूर्णपणे खरेदीदाराच्या हातात आहे, त्याच्या उशिराचा दंड विक्रेत्याला करणे अन्यायाचे होईल आणि कोणी मान्यही करणार नाही. ज्या गोष्टीवर विक्रेत्याचा खरोखर प्रभाव आहे, तिथेच ही तरतूद चालते.

पुढे काय झाले

बचत मोजायची कशाच्या तुलनेत, हे व्यवहार होण्याआधीच लिहून ठेवले होते: छोट्या कंपनीच्या शेवटच्या बारा महिन्यांतले भाडे, पगार आणि प्रत्यक्ष मिळालेली सूट. हे आधी लिहिले नाही, तर वर्षभराने खप वाढल्यामुळे जास्त झालेली खरेदीही कोणीतरी 'बचत' म्हणून मोजते.

गोडाऊन चार महिने उशिरा बंद झाले. कारण क्षुल्लक होते आणि कोणी ते आधी पाहिले नव्हते. एकाच बेअरिंगला दोन कंपन्यांत दोन वेगळे कोड होते, आणि काही ठिकाणी एकाच कोडखाली दोन आकारांचा माल होता. कोड जुळेपर्यंत माल हलवता येईना, म्हणून करार संपल्यावरही महिन्याच्या बोलीवर जागा ठेवावी लागली. दुसऱ्या वर्षी गोडाऊनमधून ७.५ लाख वाचायचे होते, तिथे २.५ वाचले. सरसकट सगळ्या बचती एक वर्ष उशिरा आल्या असत्या तर २३१ चे २०५ झाले असते. उशीर किती महाग पडतो याची चाचणी विश्लेषकाने आधी केली असती तर कोडची यादी पहिल्याच महिन्यात कोणीतरी उघडली असती, असे मला वाटते. दराची चाचणी सगळे करतात. १७ टक्के, १८ टक्के, १९ टक्के असे तीन रकाने काढतात. उशिराचा रकाना क्वचित असतो.

उधारी वसूल करणाऱ्या बाई राहिल्या. पुरवठादाराने दोन्ही खाती एकत्र धरली, पण मधल्या टप्प्यावर, वर्षाला १४ लाखांची सूट. कराराप्रमाणे विक्रेत्याला ३० पैकी १७.५ लाख मिळाले.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वित्तप्रमुखांनी तक्ता पुन्हा उघडला. किल्ली परत गेली होती, हंगामात जादा जागा लागली नव्हती, म्हणून गोडाऊनच्या ओळीतले ९० टक्के १०० झाले आणि पुढच्या वर्षांच्या बचतीचे मूल्य १३५ वरून १५० झाले. १८ टक्क्यांचा जुना तक्ताही फाईलमध्ये होता. तो त्या दिवशीही त्याच बचतीचे मूल्य १०० दाखवत होता.